चित्रात नसलेली सून

चिखलीत एका खत-बियाण्यांच्या दुकानावर, जिना चढून गेलं की डाव्या हाताला, पूनमचं ऑफिस होतं. खाली युरियाचा वास आणि वर तीन कॉम्प्युटर. पूनमला पगार मिळायचा तो नसलेल्या वस्तू शोधण्याचा. हे तिनं घरी समजावून सांगायचा प्रयत्न केला होता, पण सासऱ्यांनी मधेच विचारलं, "सापडल्या तर काय करता?" आणि तो विषय तिथंच संपला.

काम तसं सरळ होतं. पुण्याच्या एका कंपनीनं दृष्टी नसलेल्या लोकांसाठी एक ॲप काढलं होतं. त्याला फोटो दाखवला की ते फोटोत काय आहे ते मराठीत बोलून सांगायचं. अडचण एवढीच, की फोटोत नसलेलंही सांगायचं, आणि तेही त्याच आवाजात, तितक्याच खात्रीनं. शेळ्या दिसल्या की ते गुराखी उभा करायचं. चहाचा कप दिसला की बशीत बिस्किट ठेवायचं. धाड गावच्या बाजारातल्या वांग्यांच्या ढिगावर त्यानं एकदा तराजू पाहिला होता. तराजू नव्हता. ज्या बाईनं फोटो पाठवला ती वांगी अंदाजानंच विकायची.

याला ऑफिसात 'भास' म्हणत. आधी पूनम आणि तिच्या शेजारी काम करणारा प्रज्वल, दोघं वेगवेगळे बसून, फोटोत खरोखर दिसणाऱ्या वस्तूंची यादी करत. मग ॲपच्या वाक्यातल्या वस्तू त्या यादीशी ताडून बघत. बाज म्हटलं काय नि खाट म्हटलं काय, एकच धरायचं. जे यादीत नाही तो भास. सांगितलेल्या एकूण वस्तूंपैकी शेकडा किती भास, तो ॲपचा आकडा. आकडा जितका कमी तितकं ॲप गुणी.

"माणसाचा आकडा किती येते, हे कोणी मोजलं काय?" प्रज्वलनं एक दिवस विचारलं. प्रज्वलला असले प्रश्न जेवणानंतर पडत.

पूनमला ते पटलं. ॲप वापरून बघणाऱ्यांत देऊळगाव राजाचे शालिग्राम गुरुजी होते. शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर साखरेच्या आजारानं दोन्ही डोळे गेले. त्यांना आजवर फोटो वाचून दाखवायच्या त्या त्यांच्या बायको, रुक्मिणीबाई. पूनमनं गुरुजींच्या परवानगीनं त्यांच्या फोनमधले घरचे फोटो घेतले आणि तेच फोटो रुक्मिणीबाईंना वर्णन करायला सांगितले. रुक्मिणीबाईंनी पदर सावरून, रेडिओवर बोलावं तसं वर्णन केलं. पूनमनं ते रेकॉर्ड केलं, मोजलं, आणि तक्त्यात ॲपच्या शेजारी 'रु. बाई' असा एक रकाना वाढवून पुण्याला पाठवला.

पुण्याहून मॅडमचं उत्तर आलं: "रु. बाई हे मॉडेल कोणत्या कंपनीचं? भास फार आहेत. वापरू नये."

प्रज्वल खुर्चीवरून जवळजवळ खाली आला. पूनमही हसली. मग तिनं भास कुठे कुठे झाले ते बघितलं आणि तिचं हसू हळूहळू ओसरलं.

रुक्मिणीबाईंचे भास इकडेतिकडे विखुरलेले नव्हते. बिस्किट नाही, तराजू नाही. वस्तू म्हणाल तर त्यांनी एकच वाढवली होती, आणि ती प्रत्येक फोटोत वाढवली होती. मुलगा प्रेम पुण्याला, त्याचा पोरगा राम, आणि "शेजारी आपली पुष्पांजली उभी, हिरवी साडी, हसून राह्यली." पुढच्या फोटोत साडी निळी. पण पुष्पांजली, म्हणजे सून, एकाही फोटोत नव्हती. रामच्या वाढदिवसाचा फोटो तर प्रेमनं स्वतःच हात लांब करून काढला होता. फोटो काढायलाही तिसरं कोणी नव्हतं.

गंमत म्हणजे त्या फोटोत ॲपलाही ती दिसली होती. 'एक पुरुष, एक महिला आणि एक मूल केकजवळ उभे आहेत. टेबलावर ताटली व फुगे आहेत.' महिला नाही, ताटली नाही, फुगे नाहीत. ॲपचा त्यात काही डाव नव्हता. त्यानं शिकताना इतके केक पाहिले होते, की केक म्हटलं की आई आलीच.

त्याच आठवड्यात ॲपची नवी आवृत्ती आली. तिचा आकडा बराच कमी होता. त्यातला काही भाग ती मुळातच कमी बोलते म्हणून होता, हे पूनमनं पुण्याला कळवलं. गप्प बसणाऱ्याला शून्य भास होतात, त्याला हुशार म्हणत नाहीत. पण केकच्या फोटोत नव्या आवृत्तीनं बरोबर सांगितलं: 'एक पुरुष आणि एक मूल. समोर केक आहे.' ती गुरुजींच्या फोनवर टाकायची होती.

पूनम एसटीनं देऊळगाव राजाला पोचली तेव्हा गुरुजी ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. रुक्मिणीबाईंनी तिला पाणी द्यायचं निमित्त करून थेट स्वयंपाकघरात नेलं.

"नवीन टाकून राह्यली म्हणते?"

"हो काकू. पहिल्यापेक्षा चांगलं हाये."

"पहिल्याले काय धाड भरली होती? पहिलं चांगलं होतं. त्याले सून दिसत होती."

रुक्मिणीबाईंनी गॅस उगाच लहान केला, मग मोठा केला.

"गणपतीपासून ती अकोल्याले माहेरी हाये. भांडण-तंटा काही नाही, दोघायनं सांगितलं, जमून नाही राह्यलं. वकिलाकडं गेले. यायले कसं सांगू? दर रईवारी फोन करून पेपर वाचून दाखवे ती यायले, सासरा-सून दोघं हेडिंगवर वाद घालत. फोन काऊन येत नाही म्हणून यायनं विचारलं, तं मी म्हटलं तिची ड्युटी बदलली." त्यांनी पूनमकडे पाहिलं. "ते जुनंच राहू दे माय. तुह्या साहेबाले काय समजते?"

भास कमी करा असं सगळेच सांगत. भास राहू द्या असा अर्ज पूनमकडे पहिल्यांदाच आला होता, आणि नामंजूर करावा असा तिला एकही नियम त्या क्षणी आठवेना. तरी ती म्हणाली, "काकू, उद्या हेच त्यायले रस्त्यावर म्हणन की समोर पायरी हाये. नसली तं?"

"पायरीचं पायरीपाशी. मी सुनेचं बोलून राह्यली."

"ते एकच हाये काकू. त्याले पायरी अन् सून वेगळी करता येत नाही."

"पूनम," बाहेरून गुरुजींचा आवाज आला, "पाणी प्यायले गेली की विहीर खोदायले? ये. परीक्षा घेऊ."

परीक्षा हा गुरुजींचा आवडता भाग होता. पूनमनंच त्यांना ही रीत शिकवली होती: वर्णन ऐकून घेण्यापेक्षा ॲपला हो-नाहीचे प्रश्न विचारायचे. काही असलेल्या वस्तूंचे, काही नसलेल्या. खरी मेख नसलेल्यांत होती. हत्ती विचारला तर बहुतेक ॲप नाही म्हणतं. विचारायचं ते, जे तिथं नाही पण सहसा असतं. हे ऐकल्याबरोबर गुरुजी म्हणाले होते की ते वर्गात हेच करत; पोरांना बैल काढायला लावायचे आणि मागून विचारायचे, घुंगरं दिसली काय.

आता त्यांनी फोन मांडीवर घेतला आणि वाढदिवसाचा फोटो उघडला. नवं टाकायच्या आधी जुन्याचा निकाल लावू, म्हणाले.

"चित्रात हत्ती आहे का?"

'नाही, चित्रात हत्ती नाही.'

"केक आहे का?"

'हो, चित्रात केक आहे.'

"ताटली आहे का?"

'हो, चित्रात ताटली आहे.'

"फुगे आहेत का?"

'हो, चित्रात फुगे आहेत.'

"बाई आहे का?"

'हो, चित्रात एक महिला आहे.'

"आता मार्क सांग," गुरुजी पूनमला म्हणाले.

"हत्ती बरोबर. केक बरोबर. ताटली चूक, फुगे चूक."

"अन् बाई?"

रुक्मिणीबाई दारात येऊन उभ्या होत्या. हातात चहाचे कप होते. पूनमनं आजवर हजारो फोटोंना बरोबर-चूक लावलं होतं, आणि एकदाही कोणाच्या तोंडाकडे बघून लावलं नव्हतं. चूक म्हटलं तर या घरातली एक सून आत्ता, ओट्यावर, तिच्या एका शब्दानं जाणार होती. बरोबर म्हटलं तर तिचं स्वतःचं काम गेलं, पगार चालू राहिला तरी.

"गुरुजी," ती शेवटी म्हणाली, "याचे मार्क मी देत नाही. काकूले विचारा."

गुरुजींनी मान दाराकडे वळवली. कपबशीचा आवाज येत होता, तिथं बरोबर.

"रुक्मिणी, चित्रात हत्ती हाये काय?"

"काहीही काय विचारता, पाहुणी बसली हाये."

"हाये का नाही, तेवढं सांग."

"नाही."

"केक?"

"हाये."

"फुगे?"

"नाही."

"सून?"

रुक्मिणीबाईंनी तोंड उघडलं. 'हाव', म्हणजे हो, त्यात तयारच होतं, पूनमला ते दिसलं. समोर रस्त्यानं एक जीप जालना, जालना करत गेली आणि तिचा आवाज पार विरला तरी उत्तर आलं नव्हतं.

"नाही," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"केव्हापासून नाही?"

"गणपतीपासून."

"मले वाटलंच. ड्युटी बदलते, पण रईवार कुठं जाते?" गुरुजींनी फोन पूनमच्या दिशेनं धरला. "टाक बाई नवीन." आणि मग दाराकडे, जरा हळू: "साड्या लय चांगल्या नेसवल्या तू तिले. मी मनात रंगवत होतो."

रुक्मिणीबाईंनी कप खाली ठेवले. डोळे पुसले नाहीत, कारण नवरा बघत नव्हता आणि पूनम फोनमध्ये तोंड घालून बसली होती. त्या खुर्चीपाशी जमिनीवर टेकल्या. नवं ॲप टाकून झाल्यावर पूनमनं तोच फोटो उघडून फोन त्यांच्या हाती दिला.

"आता हाये ते सांग," गुरुजी म्हणाले.

"राम हाये. नाकाले केक लागला. प्रेमनं शर्ट घातला, त्याले इस्त्री नाही." त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "वाळला हाये पोरगा. अन् मेणबत्त्या लावल्याच नाही वाटते. का लावून विझवल्या, सांगता येत नाही."

सांगता येत नाही, हे ॲपनं पूनमला कधीच म्हटलं नव्हतं. तिनं ते मनात टिपून ठेवलं. पुण्याला कळवण्यासारखं होतं.

"लाव प्रेमले फोन," गुरुजी बायकोला म्हणाले.

"काय म्हणू?"

"तू काही म्हणू नको. लाव फक्त."

रुक्मिणीबाईंनी फोन लावून नवऱ्याच्या हाती दिला. घंटी वाजली. प्रेमनं उचलल्यावर गुरुजींनी खुशाली विचारली नाही. म्हणाले, "प्रेम, घरात आत्ता कोण कोण हाये ते सांग. नसंल त्याचं नाव घेऊ नको."

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"मी हावो," प्रेम म्हणाला. "राम हाये. दोघंच हावो, बाबा." त्याचा आवाज एवढा खाली गेला की गुरुजींनी फोन कानाला दाबला. मग एकदम: "अन् कुकर हाये. अर्धा घंटा झाला लावून, शिट्टीच होऊन नाही राह्यली. काऊन होत असंल?"

गुरुजींनी फोन बायकोच्या हातात दिला. "घे. हे तुह्या विषयाचं हाये."

"आधी गॅस बंद कर," रुक्मिणीबाई फोनमध्ये म्हणाल्या. "केला? आता सांग, झाकणाची रिंग लावली होती काय?"