मारीन, तीन वेळा

"तिन्हींचा अर्थ एकच ना? मग इंग्रजी करून टाका की!" वकील ताजणे खेकसले.

नागपूरच्या कोर्टासमोर वसुधा ढोमणे भाषांतरं करून द्यायची. टेबलावर फुटक्या मोबाईलच्या पडद्याचा फोटो होता. ताजण्यांची पक्षकार सुलभा हिला तिच्या नवऱ्याने इंग्रजी अक्षरांत मराठी धमकी पाठवली होती: आधी marin, मग maarin, शेवटी marinnn.

"मोठ्यानं वाचल्याशिवाय मी पेन उचलत नाही," वसुधा तडकली. "हे लोक कानाला ऐकू येतं तसं लिहितात, वकीलसाहेब!"

पहिले दोन शब्द तिने सरळ 'मारीन' असे वाचले. तिसऱ्याचा न मात्र लिहिला होता तसाच, दातओठ खात ओढला.

बाकावरच्या सुलभाने प्लॅस्टरमधला हात झटक्यात तोंडावर आडवा धरला. ओठावरचा टाका उसवून रक्त हनुवटीवर आलं.

"असाच बोलते तो," ती पुटपुटली. "मंग पट्टा काढते."

ताजण्यांनी फोटो वसुधाकडे सरकवला.

इंग्रजीत तिन्ही ठिकाणी एकच वाक्य आलं. वसुधाने प्रत्येकापुढे मूळ अक्षरं जशीच्या तशी उतरवली. शेवटच्या n ला पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.