दोन मुंग्यांची बरणी

रानातल्या शोधाचा शेवटचा प्रश्न मीच मुद्दाम अवघड ठेवला होता. एकाच झाडावरून तीन गोष्टी आणायच्या: पान, कीटक, आणि कीटक नसलेला जीव. जिंकणाऱ्याला शाळेचं एकुलतं एक भिंग आठवडाभर घरी न्यायला मिळणार होतं. त्या भिंगावर खारूताईचा कधीपासून जीव जडला होता. सारखी झाडावर असते म्हणून तिला सगळे खारूताई म्हणतात.

वर्गाच्या पायरीवर तिनं बरणी ठेवली. आत शाळेमागच्या आंब्याचं पान, आणि दोन लाल मुंग्या.

"पान बरोबर," मी म्हणाले, "शिरांची जाळी आहे. मुंगी कीटक. आणि तिसरं?"

"ही दुसरी, बाई. ही मुंगी नाही."

सगळी पोरं खो खो हसली. सगळ्यात मोठ्यानं हसला तिचा सख्खा भाऊ. त्याच्या गटाकडे पेरूचं पान, मुंगळा आणि गोगलगाय होती, म्हणजे भिंग त्यांच्याच खिशात.

"दोन मुंग्या आणून मला शेंड्या लावतेस?" मी खेकसले. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे पोरांना ठाऊक आहे.

तिचे डोळे भरले, पण ती हटली नाही. "तुम्हीच म्हणता ना, आधी पाय मोजा, मग नाव सांगा. तुम्ही मोजलेच नाहीत."

 मी भिंग घेतलं.

पहिलीचे पाय सहा, वर दोन मिशा. दुसरीचेही सहाच, वर दोन मिशा. मी मान हलवणार, तेवढ्यात दुसरीनं एक मिशी खाली टेकवली आणि तिच्यावर भार देऊन ती चालली. मग दुसरी मिशीही टेकवली. मिशा नव्हत्याच त्या. पुढचे दोन पाय ती मिशांसारखे वर धरून हलवत होती. आठ पाय! म्हणजे कीटक नाहीच. मी झाकण उघडलं. ती काठावर आली आणि तिनं खाली उडी टाकली. पण जमिनीवर पडलीच नाही. बारीक धाग्याला लोंबकळत राहिली.

"कोळी!" कुणीतरी कुजबुजलं. 

मी भिंग जवळ नेलं. तिनं वळून दोन मोठ्या काळ्या डोळ्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. अंगावर सर्रकन काटा आला. एवढ्याशा जिवानं मुंगीचं सोंग इतकं हुबेहूब घ्यावं! इतकी वर्षं मी त्याच आंब्याखाली डबा खाते, आणि मला पत्ताही नव्हता.

दोघींना परत आंब्याच्या खोडावर सोडलं. बाकीच्या मुंग्यांत त्या मिसळल्या आणि क्षणात कोणती कोण ते कळेना. अख्खा वर्ग खोडाला नाक लावून पाय मोजत उभा राहिला.

मी भिंग खारूताईच्या हातात ठेवलं. "जिंकलीस गं पोरी."

तिनं ते छातीशी धरलं. मग भावाकडे पाहिलं. तो सगळ्यांच्या मागे टाचा उंचावून उभा होता.

"ये दादा, तू बघ आधी," ती म्हणाली. "पण हसायचं नाही. मोजायचं."