परस्पर फिटंफाट

हॉटेलचं पत्र आलं तेव्हा वहिनी धुलाईखान्याच्या मागच्या खोलीत मळक्या चादरी निवडत होती. नवरा गेल्यापासून धंद्यात तिची आणि धाकट्या दिराची निम्मी-निम्मी भागीदारी. तो गिऱ्हाइकं सांभाळायचा, कामगारांचं ती बघायची. म्हणून सगळे तिला वहिनीच म्हणायचे.

दीर पत्र नाचवतच आत आला. "ऐका वहिनी! हॉटेलवाले म्हणतात, चार महिन्यांच्या धुलाईचे सहा लाख चाळीस हजार ते आपल्याला देणं लागतात. आपल्या कामगारांना त्यांनी जेवण पुरवलं, त्याचे दोन लाख नव्वद हजार आपण देणं लागतो. तर दोन चेक इकडून तिकडे फिरवायचे कशाला? परस्पर वळती करू, उरलेले साडेतीन लाख ते भरतील. बिलं दोघांच्या वह्यांत आहेत तशीच राहतात, फक्त वळतीची एक नोंद. सही करा."

"खालची ओळ वाचा, भावजी."

"'सहीनंतर या काळाबाबत उभयतांची एकमेकांकडे कोणतीही मागणी वा तक्रार राहणार नाही.' असं सगळेच लिहितात."

वहिनीने हातातली चादर टाकली. गेल्या महिन्यात त्या हॉटेलच्या डब्यातला भात चमच्याला तार धरून वर आला होता. वरून मसाला मारून वास दाबलेला. निवडीच्या टेबलावरची मावशी तिथेच, चादरींच्या ढिगावर ओकली. संध्याकाळपर्यंत तिघींना सलाईन लागलं. वहिनीने डबे बंद केले आणि त्या महिन्याचं सत्तर हजारांचं बिल मान्य नसल्याचं कळवलं. तेच बिल आता गुपचूप बेरजेत शिरलं होतं.

"वळती करायची ती दोघांना मान्य असलेल्या रकमेची," ती म्हणाली. "यावर सही केली की ते सडकं जेवण आपण गोड मानून घेतलं."

दीर पुटपुटला, "सत्तर हजारांसाठी गिऱ्हाईक तोडाल तुम्ही."

ती पत्र घेऊन स्वतःच हॉटेलवर गेली. हिशेबनिसाची खोली भटारखान्याच्या पाठीमागे होती. खिडकीतून करपट तेलाचा वास आत येत होता. आता हा भांडणार, अशा तयारीनेच ती बसली. पण त्याने ऐकून घेतलं, पेन उघडलं आणि सत्तर हजारांवर काट मारली.

"वळती दोन लाख वीस हजारांची. आम्ही भरायचे चार लाख वीस हजार. जेवणाचं ते बिल आम्ही रद्द करतो. ठीक?"

"एवढ्यात?"

"खरं ते खरं, ताई. फक्त कारण लिहू नका."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"पार्ट्यांचं उरलेलं कुठेतरी जायलाच हवं ना. टाकून देणं मालकांच्या जिवावर येतं."

"आमचे डबे तर बंद झाले. आता कुठे जातं ते?"

"आमच्याच खोल्या झाडणाऱ्या बायकांना." त्याने पेनाला टोपण लावलं. "त्यांची काही तक्रार नाही."

नवं पत्र छापून आलं. तक्रार न राहण्याची ओळ होतीच. वहिनीने ती खोडली, शेजारी हाताने लिहिलं, 'एका महिन्याचे जेवण नासके निघाल्याने ते बिल रद्द', आणि दोन्ही प्रतींवर सही केली.

हिशेबनीस चपापला. "हे मालकांपुढे कसं नेऊ?"

"नसेल न्यायचं तर वळती नको. आमच्याकडचे दोन लाख वीस हजार मी आत्ता भरते. तुम्ही सहा लाख चाळीस हजार भरा."

तो नाइलाजाने उठला. थोड्या वेळाने मालक स्वतः आला. दात कोरत, गुबगुबीत, प्रसन्न. आता हा आरडाओरडा करेल किंवा निदान कानकोंडा होईल, असं तिला वाटलं. त्याने वहिनीचं वाक्य सावकाश वाचलं, दातातलं काहीतरी बोटाने काढून पँटला पुसलं आणि दोन्ही प्रतींवर सही ठोकली.

"लिहा हो काय लिहायचं ते. रक्कम चार लाख वीस हजारांच्या वर जात नाही ना? झालं तर मग!"

ती मागच्या दाराने बाहेर पडली. पायरीवर खोल्या झाडणाऱ्या तिघी-चौघी ताटं घेऊन बसल्या होत्या.

"बायांनो, ते खाऊ नका. आमच्या बायका आजारी पडल्या त्याने."

एकीने घास नाकाशी नेला, वास घेतला आणि तोंडात टाकला. "आजचं बरंय, बाई. आम्ही बघूनच खातो."

धुलाईखान्यात दीर दारातच उभा होता, चेहरा फुललेला. "सत्तर हजार वाचवलेत, वहिनी! मानलं तुम्हाला! आणि बरं का, हिशेबनिसाचा फोन होता. डबे परत सुरू केले तर निम्म्या दरात देतो म्हणाला. दर महिन्याला अशीच वळती करू, रोख काढायला नको."

वहिनी हात धूत होती. तिने पुन्हा साबण घेतला.

"तुम्ही जेवा त्यातलं, भावजी. रोज, सगळ्यांच्या समोर बसून. मग सुरू करू."

दीर हसला. ती हसली नाही. मग त्याला एकाएकी बॉयलरकडे काहीतरी काम आठवलं.