वाचलेले चार तास

कारखान्यात त्याला सगळे घड्याळवाला म्हणत. कुठल्या जॉबला किती वेळ द्यायचा हे ठरवणं त्याचं काम. खरं तर तोही आधी टर्नर होता. लेथवर हात बसवला तो उस्तादांनी. पुढे तो रात्रशाळेत शिकला, परीक्षा पास झाला आणि हातातली पान्यांची पेटी जाऊन स्टॉपवॉच आलं. पण उस्तादांच्या घरचा चहा काही सुटला नाही.

बोनसचा हिशेब साधा होता. ठरलेल्या वेळेआधी काम झालं, तर वाचलेल्या वेळेची अर्धी मजुरी कामगाराला आणि अर्धी कंपनीला. उशीर झाला तरी भरलेल्या तासांची मजुरी कुणी कापत नसे. उस्तादांच्या वीस दांड्यांच्या जॉबला दहा तास होते. उस्ताद तो सहा तासांत उडवत. वाचले चार, त्यातले दोन त्यांचे. म्हणजे सहा तास राबून आठ तासांची मजुरी. त्या दोन तासांच्या जोरावर उस्तादांच्या बायकोनं, काकूंनी, लाँड्रीतली नोकरी सोडली होती. वीस वर्षं उभ्यानं इस्त्री करून त्यांचे पाय सुजून खांब झाले होते.

बोनसच्या योजनेत आणखी एक कलम होतं. एकदा ठरलेली वेळ कंपनी कमी करणार नाही. मात्र हत्यार किंवा कामाची पद्धत बदलली, तर वेळ नव्यानं मोजली जाईल.

एक दिवस घड्याळवाला शेजारच्या मशीनवर मोजायला गेला, तेव्हा उस्तादांनी दांडी पकडणाऱ्या चकवर झटकन फडकं टाकलं. आपल्याच गुरूचं फडकं ते, त्याला राहवेना. जेवणाच्या सुट्टीत त्यानं ते उचललं. आत घरी बनवलेली एक बुश होती, म्हणजे धातूची जाड नळी, भोक मुद्दाम एका बाजूला सरकवलेलं. दांडी तिच्यात घातली की आपोआप हवी तेवढी केंद्राबाहेर बसायची. बाकीचे टर्नर त्यासाठी प्रत्येक नगाला दहा-बारा मिनिटं ठोकाठोक करत.

तो हरखलाच. इतकी साधी युक्ती, आणि म्हातारा ती फडक्याखाली ठेवतो! साधा माणूस, मिरवायचं माहीत नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. त्याच संध्याकाळी त्यानं सूचनापेटीत उस्तादांच्या नावानं आकृतीसकट अर्ज टाकला. कलम त्याला पाठ होतं. पण खोटं कशाला बोला, 'मी शोधून काढलं' या फुशारकीत ते आठवायची त्याला गरजच वाटली नाही. विचारायचं तर सोडाच.

उस्तादांना प्रमाणपत्र मिळालं, एक थर्मास मिळाला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच घड्याळवाल्याकडे वळले.

"पद्धत बदलली. आता वेळ नव्यानं काढा."

दुसऱ्या टर्नरला ती बुश देऊन त्यानंच मोजलं. विश्रांतीची सूट धरून बरोबर सहा तास आले. त्यानं तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सहाच. तीच नवी वेळ ठरली.

"उस्ताद, मला वाटलं तुमचं नाव होईल," तो म्हणाला.

"झालं की." उस्ताद दांडी लावत होते. "मला आधी बोलला असतास, तर सांगितलं असतं. आता काय, बैल गेला आणि झोपा केला."

तरुण पोरं त्याच बुशवर पाच तासांत काम उरकून बोनस घेऊ लागली. उस्तादांचा हात साठीचा, तो सहाच्या खाली येईना. जॉबकार्डावर वाचलेल्या वेळेच्या रकान्यात शून्य. घड्याळवाल्यानं साहेबांपुढे नाक घासलं, जुनी वेळ निदान त्यांच्यापुरती ठेवा म्हणाला. साहेब म्हणाले, "एकाला ठेवली तर बाकीच्यांना काय सांगू?" चूक नव्हतं त्यांचंही. तेव्हापासून त्याच्या पायांनी उस्तादांच्या घराची वाट सोडली.

दोन महिन्यांनी तो सदरे घेऊन लाँड्रीत गेला. काउंटरवर मुलगी होती. मागे वाफेत, पाठमोऱ्या, काकू उभ्या होत्या.

पळून जावंसं वाटलं. पण त्यांनी वळून पाहिलंच.

"अरे, तू? चहाला येत नाहीस हल्ली."

"काकू..." त्यानं सदऱ्यांची पिशवी पुढे केली.

"दे इकडे. उद्या कशाला, आत्ताच करून देते. उभा राहा जरा."

त्यांनी सदरा पसरला. कॉलर, बाह्या, पाठ. मधेच त्यांनी एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीवर टेकवला आणि परत खाली ठेवला. नजर वळवावी म्हणून त्यानं मान खाली घातली, तर हात खिशात होता आणि अंगठा स्टॉपवॉचच्या बटणावर. कधी दाबलं, त्यालाच कळलं नव्हतं.

काकूंना ती टिकटिक ऐकू आली असावी. इस्त्री न थांबवता त्या हळूच म्हणाल्या, "इथे नको रे मोजूस, बाळा."