भावजींचा अपमान

हितेश भावजी म्हणजे माझ्या नणंदेचे, वैशालीचे नवरे. रोह्याला त्यांचा परदेशात माल पाठवायचा धंदा आणि जिभेला साखर. आमच्या पेणच्या कारखान्यातल्या गणेशमूर्ती दुबईच्या मंडळाला तेच पाठवणार होते. फोनवर ते म्हणाले, "वहिनी, पेट्या उभ्याच जातील, वर कायपण ठेवणार नाय."

फोन ठेवला आणि मी लगेच त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर मेल लिहिला. आजची तारीख, फोनची वेळ, त्यांनी कबूल केलेल्या दोन्ही गोष्टी. खाली एवढंच, "यात काही चुकलं असेल तर माल निघण्याआधी कळवा."

माझा नवरा सुजय भडकला. "घरच्या जावयाला मेल? तुला लाज हाय का?"

भावजी तर पेटलेच. तासाभरात त्यांचा उलट मेल आला. "किती वेळा सांगू? पेट्या उभ्याच जातील, वर काही येणार नाही. मी शब्द फिरवणारा माणूस नाही. पुन्हा लिहून माझा अपमान करू नका." मला राग आला, पण मी मेल जपून ठेवला. त्यांना फक्त माझा उद्धटपणा दिसला होता.

दुबईत कंटेनर उघडला. आमच्या पेट्या आडव्या, वर कुणाच्या तरी फरशांचे खोके. सोंडा तुटलेल्या, हात गळालेले. खंडित मूर्ती कोण पुजणार? मंडळाचे गुणाजी म्हात्रे फोनवर तुटून पडले. "तुमचा एजंट हितेश सांगतो, आडव्या ठेवायला तुम्हीच सांगितलंत. पुढच्या वर्षी तुमचा कारखाना नको."

सासऱ्यांनी उभं केलेलं नाव एका खोट्या वाक्यात गेलं होतं. आम्ही तडक रोह्याला गेलो.

"फोनवर तुम्हीच बोललात, आडव्या चालतील," भावजी थंडपणे म्हणाले. मी त्यांचाच मेल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो वाचला आणि चेहरा उतरला. माझा मेल ते सहज नाकारू शकले असते, पण हे उत्तर त्यांच्याच पत्त्यावरून, माल निघण्याआधी आलेलं होतं.

मग त्यांचा आवाज चढला. "हा मेल गुणाजीला गेला, तर वैशाली माहेरची पायरी चढणार नाय. आधीच सांगतो."

सुजयने माझ्या हातून मोबाइल घेतला. मला वाटलं, आता हा मेल पुसून टाकणार.

"गुणाजींचा पत्ता कोणता?" त्याने विचारलं.

मी सांगितला. त्याने दोन्ही मेल गुणाजींना पाठवले, मोबाइल मला परत दिला आणि भावजींकडे न बघता बाहेर पडला. गाडीत बसल्यावर तो बहिणीचं नाव घेऊन रडला.