अर्ध्या खाचा

चूक खंडोजी मेस्त्रींचीच होती, आणि तिच्यात वाटेकरी कोणी नव्हता.

बेळ्ळंदूर तळ्याकाठच्या त्या लहानशा देवळाची भिंत वडाच्या मुळांनी फुगवली होती. ती उतरवून पुन्हा रचायची होती. खंडोजींनी अडतीस दगडांवर दर्शनी बाजूला ठळक आकडे घातले, दगड खाली उतरवले, आणि चार दिवसांनी स्वतःच हुकूम सोडला, "गावाने थरांवर थर चढवलेला चुना घासून काढा." आकडे त्या चुन्यावरच होते. संध्याकाळी अडतीस दगड आंघोळ केल्यासारखे स्वच्छ, आणि आकडा एकावरही नाही. चाळीस वर्षांच्या कामात असली फजिती कधी झाली नव्हती.

त्याचं कारणही त्यांना ठाऊक होतं. बायको, सकवारबाई, होती तोवर कामावरून आल्या आल्या चहा द्यायच्या आधी विचारायची, "आज काय विसरलात?" ते वैतागून "काही नाही" म्हणायचे, पण म्हणता म्हणता मनाशी सगळं काम फिरून यायचे. ती जाऊन वर्ष झालं. राजाजीनगरच्या घरात आता कुलूप उघडल्याचाच काय तो आवाज.

"अण्णा, गुरुवारी मोठे साहेब येणार," तरुण इंजिनिअर गुरुदत्त म्हणाला. या कानडी मुलखात त्याच्याही घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. "क्रम लागला नाही, तर ते म्हणतील मधे सिमेंट भरा. मग कुठला दगड कुठे, कोण बघतंय?"

"सिमेंट भरलं की ती भिंत देवळाची राहत नाही," खंडोजी म्हणाले. "मग मी चाळीस वर्षं केलं काय?"

रविवारी ते एकटेच आले. प्रत्येक दगडाच्या वरच्या अंगाला, दोन्ही टोकांशी अर्ध्या डमरूच्या आकाराची खाच होती. शेजारी-शेजारी दोन दगड बसले की दोन खाचा मिळून पुरा डमरू होतो, त्यात तशीच लोखंडी पट्टी बसवून कडेने शिसं ओततात. डमरूची कंबर नेमकी सांध्यावर येते, दोन्ही टोकं रुंद, म्हणून दगड एकमेकांपासून सरकू शकत नाहीत. दाबून ठेवायचं काम वरच्या थराचं वजन करतं. पट्टीही त्याच थराखाली झाकली जाते. मुळांनी सांधे उघडले, पाणी शिरलं, लोखंड गंजून फुगलं आणि काही दगडांच्या कडा फुटल्या. एरवी सांध्यांत चुन्याचा कणही नव्हता.

आणि जुन्या कारागिराच्या हाताने एकही खाच दुसरीसारखी काढली नव्हती!

खंडोजींनी प्रत्येक खाचेवर वर्तमानपत्र ठेवून कोळसा घासला. दगडांवर खडूने खुणा केल्या, तशाच कागदांवर. जाडीवरून थर वेगळे पडलेच होते. ठसे घरी नेऊन पलंगावर पसरले आणि जोड्या लावू लागले. कंबरेची रुंदी जुळायला हवी, दर्शनी कडेपासूनचं अंतर जुळायला हवं. अंधार पडेपर्यंत एकेक थर लागत गेला. पलंग भरला, तसे कागद सकवारबाईच्या बाजूलाही गेले. ते सरकवताना हात थबकला. तिकडे ते वर्षभर कूस वळवूनही झोपले नव्हते.

बुधवारी दगड उन्हात कोरडे झाले होते. ओल्या दगडावर वितळलेलं शिसं उडतं, म्हणून त्यांनी घाई केली नाही. दोन थर नव्या स्टेनलेस पट्ट्यांनी बसले. गंजणारं लोखंड पुन्हा नको, एवढाच बदल. दगडाला दगड असा मिळाला की गुरुदत्तने सांध्यात पोस्टकार्ड घालायचा प्रयत्न केला आणि ते आत गेलं नाही.

गुरुवारी साहेब आले, भिंत पाहिली आणि "सरी, ठीक आहे, असंच चालू द्या," एवढंच म्हणून गेले. आणून ठेवलेली सिमेंटची गोणी तशीच बंद राहिली.

संध्याकाळी हत्यारं आवरताना खंडोजी अडखळत म्हणाले, "गुरुदत्त, एक काम करशील? निघताना रोज मला विचारायचं, आज काय विसरलात?"

गुरुदत्तला वाटलं, म्हाताऱ्याची गंमत. "सरी. मग अण्णा, आज काय विसरलात?"

"काही नाही," असं तोंडाशी आलं होतं. पण खंडोजी मागे वळले, भिंतीला पूर्ण फेरी मारून, एकेक सांध्यावरून बोट फिरवून आले.

"काही नाही," ते म्हणाले. मग त्यांनी तोंड तळ्याकडे वळवलं. घरी जाऊन हे सांगायला आता सकवारबाई नाही, एवढं मात्र ते विसरलेच होते.