दीडच्या एसटीआधी चाळीस पत्रं

माझी बायको सुचित्रा गेली हे मला कळलं तेव्हा मी तळा गावात होतो. एका पतसंस्थेचा प्रिंटर उघडून त्यात दोन्ही हात घातले होते. फोन खिशात वाजत होता आणि हाताला शाई होती, म्हणून मी तिथल्या शिपायाला म्हणालो, "जरा काढून कानाला लाव." त्याने लावला. पलीकडून शेजारच्या नीराबाई बोलल्या, "भाऊ, वैनी बोलत न्हायत. डाक्टर येऊन गेला." मी विचारलं, "काय म्हणाला?" त्या म्हणाल्या, "तुमी आदी घरी या." मग मला कळलं. शिपायाला ऐकू गेलं नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, ट्रे बसवून जा, नाहीतर आमचं काम अडेल." मी ट्रे बसवला आणि निघालो.

आमचं श्रीवर्धनला छपाईचं छोटं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. दुकान तिचं. मी दुरुस्तीवाला, तालुकाभर फिरणारा. आळीतल्या बहुतेक घरांची दुखवट्याची पत्रं तिच्या मशीनवर निघाली. तिची दुसरीकडून निघावीत हे मला पटणारं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी मी मशीन चालू केलं. माझी मेहुणी क्षिप्रा तळ्याहून आली होती आणि दीडच्या एसटीने परत जाणार होती. सुचित्राचं माहेर तिकडचं. माहेरची चाळीस घरं क्षिप्रा हाताने पत्रं वाटून उरकणार होती. तिच्या काकांकडे साधा फोनसुद्धा नाही. पत्र मिळालं नाही तर ते तेराव्याला येणार नाहीत, आणि पुढची वीस वर्षं कळवलं नाही म्हणून बोलतील.

पहिलं पत्र बाहेर आलं. क्षिप्राने चष्मा लावला.

"भावोजी, यात दोन ताया गेल्यात."

खरंच. प्रत्येक अक्षराच्या शेजारी त्याचंच फिकट अक्षर उभं होतं. खाली तर तारखेची ओळ ठिकाणाच्या ओळीवर चढून बसली होती.

"तेरावा कुठे आणि कधी, काहीच कळत नाही," ती म्हणाली. "काका समुद्रावर जाऊन बसतील."

"अलाइनमेंट गेलीय. दोन मिनिटांचं काम."

हे वाक्य मी सुचित्राला तीन वर्षं ऐकवत होतो. ती म्हणायची, "अहो, तो आतला पट्टा बघा एकदा." मी म्हणायचो, पट्ट्याला काय होतंय. यातलं छापणारं डोकं जातानाही छापतं आणि येतानाही. दोन्ही वेळचे ठिपके एकमेकांवर बसले नाहीत की अक्षर दुहेरी दिसतं. त्यासाठी मशीन एक चाचणीचा कागद काढतं. त्यावर नंबर घातलेले उभ्या रेघांचे चौकोन असतात. ज्यात रेघा सर्वांत सरळ जुळल्या, तो नंबर द्यायचा. मी नंबर द्यायचो आणि दौऱ्यावर जायचो.

चाचणीचा कागद काढला आणि चष्मा आणायला आत गेलो. परत आलो तर नीराबाई तो फाडत होत्या.

"अहो, काय करताय?"

"दुखवट्याचं पत्र घरात आख्खं ठेवायचं न्हाय, भाऊ. वाचलं की फाडायचं."

"ते पत्र नाही, रेघा आहेत नुसत्या!"

"आज या मशिनीतनं जे निघंल ते सगळं त्यातलंच," असं म्हणून त्यांनी आणखी दोन तुकडे केले.

क्षिप्रा हसू दाबत पदर तोंडाला लावून बसली. मग तिघं जमिनीवर तुकडे जुळवायला बसलो. जुळले.

"चार नंबर सरळ," मी म्हणालो.

"चार कसला, पाच," क्षिप्रा म्हणाली. "तुम्हाला ताई नेहमी म्हणायची, डोळे तपासून घ्या."

"दोन्ही वाकडे हायत," नीराबाई म्हणाल्या. "सात बगा."

तिघांची तीन मतं झाली म्हणून मी पुन्हा कागद काढला. या वेळी तो नीराबाईंच्या हाताला लागू दिला नाही. जोडलेल्या कागदाशेजारी ठेवला आणि दोन्ही ताडून पाहिले. पहिल्यात आता मलाही सात सरळ दिसत होता. दुसऱ्यात सात सर्वांत वाकडा होता, दोन नंबर सरळ. मधे मी सेटिंगला हातही लावला नव्हता.

पहिला कागद फाटला नसता, तर मी दुसरा काढलाच नसता. चार नंबर देऊन मोकळा झालो असतो. तेच मशीन तोच कागद दोनदा वेगळा काढत असेल, तर दोष नंबरात नसतो. आत काहीतरी ढिलं असतं. हे मी पतसंस्थेतल्या पोरांना शिकवतो.

झाकण काढलं. डोक्याला ओढणाऱ्या दात्यांच्या पट्ट्याखाली काजळीसारखी काळी भुकटी पडली होती. पट्टा बोटावर फिरवला. एका बाजूचे दाते झिजून नुसता रबर उरला होता. तिथे आला की पट्टा जरासा घसरायचा, आणि डोकं धक्का खात जायचं.

"पट्टा का?" क्षिप्राने विचारलं.

"पट्टा."

"ताई म्हणाली होती."

"हो."

ती खाली पडलेले तुकडे गोळा करायला लागली. बरं झालं.

माळ्यावर याच मॉडेलचं एक मेलेलं मशीन होतं. त्याचा पट्टा काढला. बाजूची स्प्रिंगवरची चकती दाबून ताण सोडला, जुना उतरवला, दुसरा चढवला. साडेअकरा वाजले. नीराबाईंनी चहा आणला आणि म्हणाल्या, "सुतकात हत्यारं घेऊन बसलाय, वैनी असती तर वरडली असती." मी म्हणालो, वैनी असती तर हे मशीन तिनेच उघडलं असतं.

पट्टा बदलला की अलाइनमेंट नव्यानेच करावी लागते. केली. तीन नंबर आला, पुन्हा काढला तरी तीनच. तिघांचं एकमत. नीराबाईंनी दोन्ही कागद विधिपूर्वक फाडले.

पत्र काढलं. अक्षर एकेरी आलं. पण तारीख अजून ठिकाणावर चढत होती.

हा वेगळा रोग. कागद ओढणारा रोलर गुळगुळीत झाला होता, जाड कार्डाला पकड देत नव्हता. कार्ड जेवढं सरकायला हवं तेवढं सरकत नव्हतं, म्हणून ओळी एकमेकींवर. मला तेव्हा आठवलं की सुचित्रा छापताना कार्डाच्या मागच्या कडेला दोन बोटं टेकवून उभी असायची. मला वाटायचं, तिची सवय आहे.

ओलसर फडक्याने रोलर पुसला. फडकं काळं झालं. वाळू दिला, आणि एकेक कार्ड लावत गेलो. पहिली चार बरी आली, पाचवं घसरलं. मग क्षिप्रा उठली आणि कार्डामागे दोन बोटं टेकवून उभी राहिली.

"जोराने नको," मी म्हणालो. "नुसता आधार."

"माहितीये. मी लहानपणापासून तिच्या मागे उभी आहे."

एक वाजून दहा मिनिटांनी चाळीस झाली. वाया गेलेली सव्वीस नीराबाईंनी फाडली. त्यांचा हात दुखायला लागला, तर म्हणाल्या, "भाऊ, एका बाईला इतकं फाडायचं असतं व्हय?"

क्षिप्राने गठ्ठा पिशवीत घातला. निघताना एक पत्र वर काढून त्यावरचं ताईचं नाव वाचलं, एकदाच. मग धावत स्टँडवर गेली. एसटी मिळाल्याचा तिचा फोन आला.

तेरावा झाला. तळ्याहून छत्तीस माणसं आली, काकाही आले. रोलर अजून बदलायचा आहे.